तारीख जाहीर झाली, म्हणजे नक्की काय झालं?

२०२४ च्या जूनमध्ये 'स्त्री २'च्या निर्मात्यांनी एक छोटीशी घोषणा केली. ऑगस्टच्या अखेरीस यायचा सिनेमा आता १५ ऑगस्टलाच येणार. वरवर पाहता यात काही विशेष नव्हतं. पण ज्यांना आगामी सिनेमांच्या तारखा वाचायची सवय आहे, त्यांचे कान लगेच टवकारले. कारण १५ ऑगस्ट तेव्हा रिकामा नव्हता. 'पुष्पा २'ने ती तारीख जवळजवळ नऊ महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केली होती आणि अजय देवगणचा 'सिंघम अगेन'ही त्याच दिवशी यायचा होता. असे दोन दांडगे सिनेमे समोर असताना मध्यम बजेटचा एक भयविनोदी सिनेमा मागची सुरक्षित तारीख सोडून पुढे का उडी मारेल? ती जागा मोकळी होणार, याचा सुगावा लागला असेल तरच.

तसंच झालं. 'पुष्पा २'च्या निर्मात्यांनी अधिकृतपणे तोंड उघडलं ते त्यानंतर काही दिवसांनी, १७ जूनला. चित्रीकरण आणि त्यानंतरचं काम बाकी आहे, सिनेमा ६ डिसेंबरला येईल, असं त्यांनी सांगितलं. 'सिंघम अगेन'ही दिवाळीवर गेला. म्हणजे 'पुष्पा' लांबणार ही बातमी 'पुष्पा'च्या आधी 'स्त्री'नेच दिली होती, फक्त ती तशी वाचावी लागत होती.

सिनेमाची तारीख जाहीर होते तेव्हा आपण ती लग्नपत्रिकेवरच्या तारखेइतकी पक्की धरतो आणि ती हलली की चिडतो. प्रत्यक्षात वर्षभर आधी आलेली तारीख म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. ही जागा आम्ही धरली आहे, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं, एवढंच त्यातून सांगायचं असतं. तो निरोप आधी वितरकांना, थिएटरवाल्यांना आणि इतर निर्मात्यांना असतो. प्रेक्षकाचा नंबर त्यांच्यानंतर.

जागा धरायची एवढी घाई का, हे त्या १५ ऑगस्टवरूनच कळतं. २०२४ मध्ये स्वातंत्र्यदिन गुरुवारी आला होता. पुढे शुक्रवार, शनिवार-रविवार आणि लगेच सोमवारी, १९ ऑगस्टला राखीपौर्णिमा. शुक्रवारी आलेल्या सिनेमाला एरवी सोमवारी धाप लागते. इथे मात्र सलग पाच दिवस घरंच्या घरं बाहेर पडणार होती. वर्षभरात असे आठवडे मोजकेच येतात. दिवाळी, ईद, नाताळ, दक्षिणेसाठी संक्रांत आणि एखादी अशी जोडून आलेली सुट्टी. पडदे मर्यादित, त्यातले मोठे आणि महागडे तर आणखी कमी. म्हणून सिनेमा कागदावर असतानाच रुमाल पडतो. तेव्हा कॅलेंडरमध्ये एखादी तारीख दिसली की आधी ती सुट्टीशी जोडलेली आहे का ते बघावं. सणाच्या आठवड्यात तीन सिनेमे दाटीवाटीने उभे असतील, तर त्यातला एखादा तरी सरकण्याची शक्यता बरीच असते.

आणि एक सरकला की शेजारचेही हलतात. 'पुष्पा' आणि 'सिंघम' उठून गेल्यावर जॉन अब्राहमचा 'वेदा' १२ जुलैवरून १५ ऑगस्टवर आला आणि अक्षय कुमारचा 'खेल खेल में' सप्टेंबरवरून तिथेच आला. जागा सुटल्यावर धावलेल्या या सिनेमांपैकी 'स्त्री २'ने सगळा मलिदा खाल्ला. इकडे डिसेंबरमध्ये त्याच नाट्याचा दुसरा अंक चालू झाला. 'पुष्पा' ६ डिसेंबरवर गेल्यानंतरही ऑगस्टमध्ये 'छावा'चा टीझर आला आणि त्यावर तारीख होती ६ डिसेंबर. ऑक्टोबरच्या अखेरीस 'पुष्पा २' आणखी एक दिवस अलीकडे, ५ डिसेंबरला आला. त्या क्षणी 'छावा' आता टिकत नाही, असं म्हणायला कुणाच्या आतल्या गोटातल्या माणसाची गरज नव्हती. नोव्हेंबरच्या शेवटी ती घोषणा झालीच. नवी तारीख १४ फेब्रुवारी २०२५.

ही नवी तारीख मला फार हुशारीची वाटते. बाहेरच्यांना त्यात व्हॅलेंटाइन डे दिसला. महाराष्ट्रातल्या माणसाने पाच दिवस पुढे पाहिलं असतं तर त्याला १९ फेब्रुवारीची शिवजयंती दिसली असती. ती त्या वर्षी बुधवारी होती. संभाजी महाराजांवरचा सिनेमा, शुक्रवार ते रविवार पहिली लाट, आणि सोमवार-मंगळवारची ओहोटी संपतेय तोच राज्यात सुट्टी. गंमत अशी की 'स्त्री २' आणि 'छावा' दोन्ही मॅडॉक फिल्म्सचेच. एकाच निर्मितीसंस्थेने 'पुष्पा'च्या गैरहजेरीचा एकदा फायदा उठवला आणि चार महिन्यांत त्याच्याच वाटेतून शहाणपणाने बाजूला झाली.

आता प्रश्न असा की रुमाल कुठला आणि खरंच बसलेला माणूस कुठला, हे ओळखायचं कसं. बरेच जण 'चित्रीकरण पूर्ण' या बातमीवर भरवसा ठेवतात. छोट्या आणि मध्यम सिनेमांसाठी तो ठीक आहे. चित्रीकरण संपल्यावर संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, रंगांचं काम, व्हीएफएक्स हे सगळं उरतं आणि त्याला महिने लागतात. पण 'पुष्पा २'ने हा हिशेबही उधळून लावला. अल्लू अर्जुनने शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या शॉटचा फोटो टाकला तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, आणि सिनेमा ५ डिसेंबरला लागला. चित्रीकरणाच्या बातमीची वाट पाहत बसलेला माणूस इथे फसला असता.

मग 'पुष्पा' येणारच हे कशावरून कळत होतं? ट्रेलरवरून. १७ नोव्हेंबरला पाटण्यात तुफान गर्दीत त्याचा ट्रेलर आला. प्रदर्शनाला अठरा दिवस उरले होते. 'छावा'चा ट्रेलर २२ जानेवारीला आला, म्हणजे तेवीस दिवस आधी. 'स्त्री २'चा १८ जुलैला, बरोबर चार आठवडे आधी. मोठ्या सिनेमाचा ट्रेलर साधारण तीन-चार आठवडे आधी येतो, कारण त्या दिवसापासून जाहिरातीचा पैसा पाण्यासारखा वाहायला लागतो. होर्डिंग, टीव्हीवरच्या जाहिराती, कलाकारांचे शहरोशहरीचे दौरे. ही मोहीम एकदा चालू झाली की थांबवून तीन महिन्यांनी पुन्हा चालू करणं कुणालाच परवडत नाही. टीझरचं तसं नसतं. टीझर स्वस्तात होतो आणि चार-सहा महिने आधीही येतो. त्याचं काम उत्सुकता जागवण्याचं आणि कधीकधी लोकांचा अंदाज घेण्याचं. 'आदिपुरुष'चा टीझर ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत आला. प्रदर्शनाची तारीख होती पुढच्या जानेवारीतली. टीझरमधल्या व्हीएफएक्सची लोकांनी यथेच्छ टर उडवली आणि महिन्याभरात सिनेमा जूनवर गेला. ट्रेलर येईपर्यंत मी माझ्या डायरीत तारीख पेनाने लिहीत नाही, पेन्सिलीनेच लिहितो.

मुहूर्ताच्या दिवशी जाहीर झालेली तारीख तर पेन्सिलीनेही लिहू नये. महेश मांजरेकरांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात'चा मुहूर्त नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठ्या थाटात झाला. राज ठाकरे होते, सलमान खान होता, अक्षय कुमार शिवाजी महाराज साकारणार असं जाहीर झालं, आणि मराठीसह चार भाषांत दिवाळी २०२३ ला सिनेमा येणार हेही. ऐतिहासिक सिनेमा, चार भाषा, आणि मुहूर्तापासून प्रदर्शनापर्यंत जेमतेम वर्ष. गणित तिथेच अवघड दिसत होतं. दिवाळी आली, गेली, सिनेमा आला नाही.

ट्रेलर आल्यावरही एक दार उघडायचं उरतं, ते सेन्सॉरचं. कंगना रनौत यांच्या 'इमर्जन्सी'चा ट्रेलर १४ ऑगस्ट २०२४ ला आला, तारीख होती ६ सप्टेंबर. बाकी सगळं वेळापत्रक नेहमीसारखं. पण शीख संघटनांचे आक्षेप आले, प्रमाणपत्र अडकलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि सिनेमा शेवटी १७ जानेवारी २०२५ ला लागला. विषय राजकारण, धर्म किंवा इतिहास यांच्या जवळ जाणारा असेल तर ट्रेलर पुरेसा नाही. प्रमाणपत्र मिळाल्याची बातमी आली का, हे पाहावं. ती बातमी ओळखायला सोपी असते, कारण तिच्यात सिनेमाची लांबी मिनिटांत आणि प्रमाणपत्राचा प्रकार दिलेला असतो. 'लवकरच मंजुरी मिळेल' अशी भाषा असेल आणि शुक्रवार आठवड्यावर आला असेल, तर शनिवारचा दुसरा काही बेत हाताशी ठेवलेला बरा.

याच्या उलट 'छावा'. ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात नाराजी उमटली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि ते दृश्य काढून टाकत असल्याचं सांगितलं. हे सगळं जानेवारी संपण्याआधीच उरकलं, त्यामुळे १४ फेब्रुवारीला धक्का लागला नाही. ट्रेलर आणि प्रदर्शन यांच्यामध्ये ठेवलेले तीन आठवडे असेही उपयोगी पडतात.

इथपर्यंत सिनेमा येणार की नाही एवढंच झालं. थिएटरात जाऊन पाहावा की घरी येईपर्यंत थांबावं, हा त्याहून नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आश्चर्य वाटावं इतकं स्पष्ट असतं. देशातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी हिंदी सिनेमांसाठी नियम करून ठेवला आहे की थिएटर आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचं अंतर हवं. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. 'पुष्पा २' महिन्याभरात ओटीटीवर येणार अशी आवई उठली, तेव्हा निर्मात्यांनी ५६ दिवसांच्या आधी तो कुठेही येणार नाही असं जाहीर केलं. आता बोटांवर मोजा. ५ डिसेंबरनंतरचे डिसेंबरचे २६ दिवस आणि जानेवारीचे ३०, झाले ५६. 'पुष्पा २' नेटफ्लिक्सवर आला ३० जानेवारीला. 'छावा' १४ फेब्रुवारीचा. फेब्रुवारीचे १४, मार्चचे ३१, एप्रिलचे ११. तो आला ११ एप्रिलला. दिवाळीत १ नोव्हेंबरला लागलेले 'सिंघम अगेन' आणि 'भूल भुलैया ३' वेगवेगळ्या ओटीटींवर आले, पण एकाच दिवशी, २७ डिसेंबरला. मोजून बघा, ५६ च भरतात. 'स्त्री २' मध्ये एक पायरी जास्त होती. सहा आठवड्यांनी, २६ सप्टेंबरला तो प्राइम व्हिडिओवर वेगळे पैसे भरून भाड्याने मिळायला लागला, आणि आठ आठवड्यांनी वर्गणीदारांना फुकट. त्यामुळे 'आत्ताच ओटीटीवर आला' असं कुणी सांगितलं की भाड्याने की वर्गणीत, हे विचारून घ्यावं.

हा नियम सरकारी नाही, व्यवहारातला आहे, म्हणून त्याला फाटे फुटतात. दक्षिणेतले निर्माते अनेकदा चार आठवड्यांनीच ओटीटीवर येतात, आणि मग त्यांच्या हिंदी आवृत्तीला या साखळ्यांचे पडदे मिळत नाहीत. विजयच्या 'लिओ'चं २०२३ मध्ये तेच झालं. त्याचा अर्थ आपल्यासाठी असा की दक्षिणेतला मोठा सिनेमा हिंदीत जवळच्या मल्टिप्लेक्समध्ये दिसत नसेल, तर तो महिन्याभरात घरी येण्याची शक्यता मोठी. 'भूल चूक माफ'ची कहाणी आणखी वेगळी. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावामुळे निर्मात्यांनी थिएटर टाळून थेट ओटीटी जाहीर केलं, पीव्हीआर आयनॉक्स न्यायालयात गेली, आणि शेवटी सिनेमा २३ मे रोजी थिएटरात आणि अवघ्या दोन आठवड्यांनी, ६ जूनला ओटीटीवर आला. अशी उदाहरणं मोजकी असतात. हिंदी सिनेमासाठी ५६ धरून चाललं तर सहसा चुकत नाही.

मालिकांचं, म्हणजे वेबमालिकांचं गणित वेगळं. तिथे थिएटरची मारामारी नसते, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, सुट्टीचा आठवडा धरण्याची घाईही कमी. त्यामुळे नक्की तारीख उशिरा जाहीर होते, पण एकदा झाली की सहसा टिकते. क्वचित ती अलीकडेही येते. 'पंचायत'चा चौथा सीझन २ जुलै २०२५ ला यायचा होता, तो २४ जूनलाच आला. इथे फसवणूक होते ती दुसऱ्या प्रकारच्या घोषणेने, एकगठ्ठा यादीने. १९ मार्च २०२४ ला प्राइम व्हिडिओने मुंबईत मोठा समारंभ करून जवळजवळ सत्तर सिनेमे आणि मालिका एकदम जाहीर केल्या. 'पंचायत ३', 'मिर्झापूर ३', 'पाताल लोक २', 'द फॅमिली मॅन ३' अशी चार ओळखीची नावं त्या यादीत होती. वाचणाऱ्याला वाटलं, हे वर्ष चांगलं जाणार. 'पंचायत' दोन महिन्यांत आली, 'मिर्झापूर' जुलैत. 'पाताल लोक' पुढच्या जानेवारीत. आणि 'फॅमिली मॅन' २१ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे वीस महिन्यांनी. एकाच मंचावर, एकाच दिवशी, एकाच सुरात सांगितलेली ही नावं होती. यादीत तारीख नसेल तर ती यादी गुंतवणूकदार आणि जाहिरातदारांसाठी आहे असं समजावं, आणि तिच्या भरवशावर वर्षाची वर्गणी भरू नये.

वर्गणीचा विषय निघालाच आहे तर एक सवय लावून घ्यावी. मालिका एकदम येणार की तुकड्यांत, हे घोषणेत शोधावं. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा शेवटचा सीझन भारतात २७ नोव्हेंबर २०२५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारी असा तीन हप्त्यांत आला. अमेरिकेत प्रत्येक हप्ता आदल्या संध्याकाळी आला होता आणि आपल्याकडे सकाळी साडेसहा वाजता, म्हणून परदेशी बातम्यांत तारखा एकेक दिवस मागच्या दिसत होत्या. ज्यांनी पहिल्या हप्त्यासाठी नोव्हेंबरात महिन्याची वर्गणी भरली त्यांना शेवटापर्यंत पोचायला दुसऱ्यांदा भरावी लागली. शेवटचा भाग आल्यावर भरली असती तर एकाच महिन्यात सगळा सीझन झाला असता. अर्थात मधले पाच आठवडे कुणाकडून शेवट ऐकून न घेण्याची ताकद हवी. ती प्रत्येकात नसते.

मराठी सिनेमाला यातले बरेच नियम अर्धेच लागू होतात. तारीख इथेही हलते, आणि कारणं कधीकधी अस्सल इथली असतात. 'धर्मवीर २' ९ ऑगस्ट २०२४ ला यायचा होता, राज्यातल्या अतिवृष्टीमुळे तो २७ सप्टेंबरवर गेला. पण खरी अडचण तारखेनंतर येते. सिनेमा शुक्रवारी लागतो हे खरं, पण किती पडद्यांवर आणि किती वाजता, हे बुधवार-गुरुवारपर्यंत ठरत नाही. शेजारी मोठा हिंदी सिनेमा असेल तर मराठीच्या वाट्याला सकाळचा नाहीतर दुपारचा शो येतो. 'येरे येरे पैसा ३' १८ जुलै २०२५ ला आला, त्याच दिवशी 'सैयारा' आला, आणि हिंदीच्या लाटेत मराठीचे शो कमी होत असल्यावरून मनसेसह राजकीय पक्षांनी आवाज उठवला. म्हणून मराठी सिनेमाची तारीख पाहताना त्याच शुक्रवारचा शेजारी कोण, हेही पाहावं. आठ आठवड्यांचा हिशेब इथे धरता येत नाही, कारण अनेक मराठी सिनेमांचा ओटीटीशी व्यवहार प्रदर्शनाआधी झालेलाच नसतो. थिएटरात गल्ला कसा जमतो ते पाहून तो ठरतो, कधी टीव्ही वाहिनी आधी उचलते, कधी वर्ष निघून जातं. बुधवारी रात्री तिकिटांच्या ॲपवर आपल्या गावचे शो दिसायला लागले आणि त्यात सोयीची वेळ असली, तर पहिल्याच शनिवारचं तिकीट काढावं. पुढच्या सोमवारी तोच शो तिथे असेलच, असं थिएटरचा व्यवस्थापकही सांगू शकत नाही.